फोटोतील खातेउतारा आणि कर्जाची खरी झेप

नव्या फ्लॅटचा इसार देण्याची घाई बहुतेक घरांत असते. बिल्डर म्हणतो, दर वाढणार आहे. घरातील ज्येष्ठ म्हणतात, मुहूर्त चांगला आहे. आणि मुलगा म्हणतो, पगार चांगला आहे, कर्ज मिळेल. प्रत्यक्षात कर्ज किती मिळेल हे बँक ठरवते, आणि ठरवताना ती प्रथम मागच्या सहा महिन्यांचा खातेउतारा पाहते. तोच उतारा इसार देण्यापूर्वी घरी बसून नीट वाचला, तर बँकेचे उत्तर बरेचसे आधी कळते. उतारा हाती नसून त्याचे मोबाइलवर आलेले फोटो असले, तरीही हे काम होऊ शकते. मात्र त्यासाठी फोटोतील आकड्यांची पारख करावी लागते.

समजा, सोलापूरकडील एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील धाकटा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याला बेचाळीस लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. दहा लाख घरातून उभे राहतील, बत्तीस लाखांचे कर्ज हवे. बिल्डरने आठ दिवसांत दोन लाख रुपये इसार मागितला आहे. व्यवहार पुढे गेला नाही तर तो परत मिळणार नाही. मुलाने बँकेच्या शाखेतून एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा छापील उतारा घेतला, पानापानाचे फोटो काढले आणि गावी काकांना पाठवले. हे काका तीस वर्षे दुकानाची कीर्द सांभाळतात. त्यांना शोधायचे होते ते तीनच आकडे: दरमहा नियमित पगार किती जमा होतो, आधीचे हप्ते किती जातात आणि खात्यात सरासरी शिल्लक किती राहते.

आधी फोटो खरा ठरवावा

उताऱ्याच्या फोटोत चुका ठरावीक ठिकाणी होतात. पान वाकल्याने तळाची ओळ कापली जाते. सावलीत ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ एकसारखे दिसतात. दशांश चिन्हाचा ठिपका पुसट झाला की २,५००.०० ही रक्कम घाईत अडीच लाख वाचली जाते. पान तिरके आले की नावे पडलेली रक्कम जमेच्या रकान्यात असल्याचा भास होतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते आणि बारीक अक्षर आणखी पुसट होते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ स्पष्टता टिकते.

या सर्व चुकांवर एकच उपाय आहे आणि तो व्यापारी घराला नवा नाही. उताऱ्यातील प्रत्येक ओळीच्या शेवटी शिल्लक छापलेली असते. मागच्या ओळीची शिल्लक घ्यावी, नावेची रक्कम वजा करावी किंवा जमेची मिळवावी. उत्तर या ओळीच्या शिलकेशी पैपैशाने जुळले पाहिजे. रोजमेळ जुळवण्याचीच ही रीत. जुळले नाही तर चूक बँकेची नसून जवळजवळ नेहमी वाचणाऱ्याची किंवा फोटोची असते.

काकांनी असेच केले. १ सप्टेंबरच्या पगाराची रक्कम धूसर होती. ५८,४०० की ५३,४००, हे कळत नव्हते. आधीची शिल्लक १२,७६० होती आणि नंतरची ७१,१६०. दोन्हींतील फरक ५८,४००. म्हणजे आकडा आठच.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची निघाली. एप्रिलच्या पहिल्या पानाच्या तळाची शिल्लक ३८,६४० दिसत होती. पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत १,२०० रुपये नावे पडले होते आणि शिल्लक होती २६,१९०. वास्तविक ३८,६४० मधून १,२०० गेले तर ३७,४४० राहावयास हवेत. मधले ११,२५० रुपये कोठे गेले? फोटो काढताना पहिल्या पानाची शेवटची ओळ कापली गेली होती आणि त्या ओळीत नेमका मोटारीच्या कर्जाचा हप्ता होता. काकांनी पुतण्याला फोन करून विचारले, "अरे, ५ एप्रिलला अकरा हजार दोनशे पन्नास कशाचे गेले?" उत्तर लगेच आले, "काका, गाडीचा हप्ता. तो तर दर महिन्याला जातो."

म्हणून पानांचे जोड प्रथम तपासावेत. प्रत्येक पानाची अखेरची शिल्लक आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जुळली की मधले पान किंवा ओळ गळालेली नाही, हे सिद्ध होते. काही उताऱ्यांत नवी नोंद वर आणि जुनी खाली असते. तेथे हाच हिशेब खालून वर करावा. या पडताळणीची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. एकच ओळ गळाली असेल तर तिची रक्कम निघते. लागोपाठ दोन ओळी गळाल्या तर केवळ त्यांचा एकत्रित परिणाम कळतो. आणि अगदी शेवटचे पानच आले नसेल तर बेरीज जुळूनही उतारा अपुराच राहतो. त्यासाठी आरंभीची आणि अखेरची तारीख पाहावी लागते.

पगार कोणता आणि जमा कोणती

फोटो विश्वासाचा ठरला की पहिला आकडा पगाराचा. येथे सर्वांत मोठी चूक होते ती जमेच्या संपूर्ण रकान्याची बेरीज करण्याची. या मुलाच्या खात्यात सहा महिन्यांत एकूण ५,२८,२५० रुपये जमा दिसत होते. त्याला सहाने भागले तर महिन्याला ८८ हजारांची मिळकत वाटते. पण प्रत्येक जमा म्हणजे मिळकत नव्हे.

काकांनी जमेच्या नोंदी वेगळ्या केल्या. कंपनीच्या नावाने आलेल्या सहा रकमा होत्या. त्यांपैकी पाच ५८,४०० रुपयांच्या आणि जुलैमधील एक ७१,९०० रुपयांची. त्या वाढीव रकमेतील १३,५०० रुपये वार्षिक प्रोत्साहन भत्त्याचे होते. ३,१०० रुपये प्रवासखर्चाची परतफेड होती. २८ जूनला वडिलांच्या पेढीकडून दीड लाख रुपये आले होते. आणि मे महिन्यात ११,२५० रुपये जमा दिसत होते. त्यांचा उलगडा पुढे होईल. बँक नियमित पगार धरते तो ५८,४०० रुपयांचा. वार्षिक भत्ता काही बँका अंशतः विचारात घेतात, पण घरच्या अंदाजात तो न धरणे सुरक्षित.

तारखांचीही एक गफलत होते. या कंपनीचा पगार महिन्याच्या अखेरच्या तारखेला निघतो. ऑगस्टच्या ३१ तारखेला रविवार आला आणि पगार १ सप्टेंबरला जमा झाला. पुढचा ३० सप्टेंबरला. त्यामुळे उताऱ्यात ऑगस्ट कोरडा दिसतो आणि सप्टेंबरमध्ये दोन पगार दिसतात. केवळ सप्टेंबर पाहणारा मिळकत दुप्पट समजेल. केवळ ऑगस्ट पाहणारा नोकरी सुटली की काय, अशी शंका घेईल. म्हणून महिने न मोजता पगाराच्या नोंदी मोजाव्यात: सहा महिन्यांत सहा नोंदी असल्या की हिशेब पुरा झाला.

हप्ते ओळखण्याची रीत

दुसरा आकडा हप्त्यांचा. हप्त्याची ओळख दोन गोष्टींवरून पटते: दर महिन्याला तीच रक्कम आणि जवळपास तीच तारीख. तपशिलाच्या रकान्यात बहुधा ACH, NACH, ECS किंवा EMI अशी अक्षरे छापलेली असतात आणि पुढे कर्ज देणाऱ्या संस्थेचे संक्षिप्त नाव असते. मुलाच्या खात्यात अशा तीन रकमा दरमहा जात होत्या. ५ तारखेला ११,२५० रुपये, १० तारखेला २,५०० रुपये आणि १२ तारखेला ३,००० रुपये.

तिन्ही नोंदी दिसायला सारख्या, पण तिन्ही हप्ते नव्हेत. पहिली मोटारीच्या कर्जाची. दुसरी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलची. मुलाच्या दृष्टीने ते कर्ज नव्हतेच, बँकेच्या दृष्टीने ते कर्जच आहे. तिसरी म्युच्युअल फंडातील एसआयपीची, म्हणजे ती बचत आहे. विम्याचा हप्ताही याच पद्धतीने खात्यातून जातो. तोही कर्जाचा हप्ता नाही. एसआयपी चुकून कर्जात धरली तर पात्रता विनाकारण कमी दिसते आणि मोबाइलचा हप्ता सोडून दिला तर ती खोटी वाढते. काही कर्जे तर उताऱ्यात स्वतंत्र दिसतही नाहीत: क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घेतलेली खरेदी कार्डाच्या एकूण बिलातच सामावते. त्यासाठी कार्डाचे बिल वेगळे पाहावे लागते. बँक तर पत अहवालातून ही सारी कर्जे पाहतेच. ती लपवून काही साधत नाही.

आता मे महिन्यातील ते ११,२५० रुपये. ५ मे रोजी खात्यात ९,८०० रुपयेच होते, कारण खोलीच्या अनामतीपोटी मोठी रक्कम त्या आठवड्यात गेली होती. हप्ता नावे पडला, शिल्लक अपुरी म्हणून तो त्याच दिवशी परत फिरला आणि तेवढीच रक्कम जमेला आली. पाठोपाठ परतीचे शुल्क नावे पडले. ८ तारखेला हप्ता पुन्हा गेला. काही बँकांच्या उताऱ्यात अशी जोडनोंद दिसते, काहींत केवळ शुल्काची ओळ. घरच्या हिशेबात ही जमा मिळकत नव्हे आणि त्या महिन्यात हप्ते दोन नव्हे, एकच. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी जे पाहतो त्यात या नोंदीचे वजन मोठे असते. सहा महिन्यांत एक परत गेलेला हप्ता, तीन दिवसांत भरलेला आणि कारणासह सांगितलेला, बहुधा निभावतो. दोन-तीन असतील तर अर्ज काही महिने पुढे ढकललेला बरा.

सरासरी शिल्लक: महिनाअखेर नव्हे, रोजची

तिसरा आकडा सरासरी शिलकेचा. जून महिन्याचा हिशेब पाहिला की रीत स्पष्ट होते. पगार महिनाअखेरीस झाल्याने महिना भरल्या खात्याने उघडला आणि पुढे दिवसागणिक उतरत गेला. दिवसअखेरची शिल्लक अशी होती:

- १ ते ४ जून: ७४,२०० (४ दिवस)
- ५ व ६ जून, मोटारीचा हप्ता गेल्यावर: ६२,९५० (२ दिवस)
- ७ ते ९ जून, घरभाडे गेल्यावर: ४६,९५० (३ दिवस)
- १० व ११ जून, मोबाइलचा हप्ता गेल्यावर: ४४,४५० (२ दिवस)
- १२ ते १९ जून, एसआयपी व कार्डाचे बिल गेल्यावर: ३०,००० (८ दिवस)
- २० ते २७ जून, घरखर्चानंतर: १८,००० (८ दिवस)
- २८ व २९ जून, वडिलांकडून दीड लाख आल्यावर: १,६८,००० (२ दिवस)
- ३० जून, पगार आल्यावर: २,२६,४०० (१ दिवस)

प्रत्येक शिलकेला तिच्या दिवसांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि महिन्याच्या दिवसांनी भागावे. येथे बेरीज १५,९८,८५० येते. तिला ३० ने भागता ५३,२९५. पहिल्या आणि शेवटच्या शिलकेची बेरीज करून निम्मी करणारा माणूस हीच सरासरी १,५०,३०० सांगेल. तो आकडा पूर्णपणे फसवा आहे.

पण ५३,२९५ हाही मुलाच्या खात्याचा खरा आकडा नाही. वडिलांचे दीड लाख २८ जूनला आले आणि १ जुलैला परत गेले. ते तीन दिवस काढून टाकले, तर बेरजेतून साडेचार लाख वजा होतात आणि सरासरी ३८,२९५ उरते. खाते भरलेले दिसावे म्हणून केलेल्या या उपायाने सरासरी केवळ १५,००० रुपयांनी फुगली. उलट एक प्रश्न निर्माण झाला. अधिकारी विचारणारच की, ही रक्कम कोणाची, आणि आली तशी लगेच का गेली? अशी येऊन-जाऊन झालेली रक्कम तो हिशेबातून वगळतो.

सहाही महिन्यांचा असा रोजचा हिशेब मांडण्यास वेळ नसेल, तर दर महिन्याच्या ५, १०, १५, २०, २५ आणि अखेरच्या तारखेची शिल्लक घेऊन तिची सरासरी काढतात. अनेक कर्जसंस्थाही ठरावीक तारखांचीच शिल्लक पाहतात. जूनमध्ये वडिलांची रक्कम वगळून या रीतीने ४१,६३३ येतात. रोजच्या हिशेबाहून हा आकडा थोडा अधिक आहे, कारण पगाराचा एकच दिवस सहातील एक तारीख व्यापतो. अंदाजाला हे पुरेसे आहे. ज्या तारखेला उताऱ्यात नोंदच नसेल, तेथे त्याआधीच्या शेवटच्या नोंदीची शिल्लक घ्यावी. पुढच्या नोंदीची कधीही घेऊ नये.

दुकानाच्या चालू खात्याला हीच रीत लागू पडते. मात्र ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटच्या खात्यात शिलकेपुढील जमा-नावेचे चिन्ह फोटोत दिसलेच पाहिजे. तेथे शिल्लक नावे असते आणि तो आकडा जमा समजून सरासरीत मिळवला तर उत्तर उलटेच येते.

तीन आकड्यांचे उत्तर

आता तिन्ही आकडे एकत्र आले. नियमित पगार ५८,४००. चालू हप्ते ११,२५० आणि २,५०० मिळून १३,७५०. सरासरी शिल्लक सुमारे ३८ हजार. सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत, असा ढोबळ निकष पुष्कळ ठिकाणी लावला जातो. बँकेगणिक आणि पगारागणिक तो कमी-अधिक होतो. निम्मे म्हणजे २९,२००. त्यातून चालू हप्ते वजा जाता नव्या हप्त्यासाठी उरतात १५,४५०. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाला एका लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. या हिशेबाने कर्ज मिळेल ते १७ लाख ८० हजारांच्या आसपास. हवे होते बत्तीस लाख. या अंदाजावर दोन लाखांचा इसार दिला असता, तर तो बहुधा बुडालाच असता.

परंतु तोच हिशेब मार्गही दाखवतो. मोटारीच्या कर्जाचे सव्वीस हप्ते बाकी होते आणि ते एकरकमी फेडण्यास सुमारे २ लाख ६५ हजार रुपये लागणार होते. मोबाइलचे तीनच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये उरले होते. दोन्ही फिटले की नव्या हप्त्यासाठी पूर्ण २९,२०० रुपये मोकळे होतात आणि कर्जाची मर्यादा ३३ लाख ६० हजारांपर्यंत जाते. बत्तीस लाखांचा हप्ता २७,७७६ रुपये. तो या मर्यादेत बसतो. वडिलांचे जे दीड लाख तीन दिवस खात्यात ठेवून काही साधले नव्हते, तेच आणखी सव्वा लाखाची भर घालून हप्ता मिटवण्यास लावले, तर जवळपास तेरा लाखांची कर्जक्षमता एकट्या मोटारीच्या कर्जातून परत मिळते. मुदतपूर्व फेडीचे शुल्क आधी विचारून घ्यावे लागते. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेणे आणि पत अहवालात ते बंद झाल्याची नोंद येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. वडिलांनी ही रक्कम रोखीने न देता बँकेतूनच द्यावी आणि ती भेट आहे की उसनवार, हे साध्या पत्राने लिहून ठेवावे. म्हणजे उताऱ्यातील ती नोंद स्वतःच बोलेल.

काकांनी भावाला दिलेला सल्ला थोडक्यात असा होता: "इसाराची मुदत दीड महिना वाढवून मागू. बिल्डर तयार नसेल तर दुसरा फ्लॅट पाहू. आधी गाडीचे कर्ज मिटवू, मग अर्ज करू."

फोटोवरून केलेला हा अंदाज घरातील निर्णयासाठी आहे. अर्जासोबत तो चालत नाही. बँकेला उतारा हवा असतो तो नेट बँकिंगमधून उतरवलेल्या मूळ फाइलच्या रूपात, शाखेच्या शिक्क्यासह, किंवा खातेदाराच्या संमतीने अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत थेट मिळालेला. फाइलमधील एक आकडाही बदललेला आढळला, तर तो अर्ज तेथेच संपतो आणि पुढील अर्जांवरही त्याची छाया राहते. आणि अंदाज पूर्ण झाल्यावर ते फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर राहू देऊ नयेत. त्यांत खाते क्रमांक आणि पत्ता असतो, तसा घरातील प्रत्येक व्यवहाराचा तपशीलही असतो.